गाईडला पत्र: हीट एक्स्चेंजरसाठी एमपीसी की पीआयडी, हे कसं मांडायचं

फायनल इयरला हीट एक्स्चेंजरचं तापमान राखण्याचा विषय मंजूर झाला की गाईड कधी ना कधी विचारतातच, "पीआयडीने भागतंय, मग एमपीसी कशाला?" पीआयडी म्हणजे तापमानाची चूक बघून व्हॉल्व्ह हलवणारा नेहमीचा कंट्रोलर, आणि एमपीसी म्हणजे मॉडेलवरून पुढचा अंदाज बांधून हलवणारा. उत्तरादाखल बहुतेक मुलं दोन पानी पत्र घेऊन जातात. पहिल्या पानावर एमपीसीचे फायदे, दुसऱ्यावर पीआयडीचे तोटे, आणि दोन्ही पुस्तकातून उतरवलेले. मीही तेच केलं होतं. मॅडमनी पत्र वाचून टेबलावर पालथं ठेवलं आणि एवढंच म्हणाल्या, "यात आपला एक्स्चेंजर कुठे आहे?"

नंतर ज्युनियर्सची अशी बरीच पत्रं तपासून दिली. चूक दरवेळी त्याच जागी सापडते, म्हणून त्या जागेवर जास्त लिहितो. बाकीचं उरकून टाकू.

१. पत्र एका पानात बसवा. एमपीसीचा इतिहास नको. सत्तरच्या दशकात तेलशुद्धीकरण कारखान्यांतून ही पद्धत पुढे आली, हे गाईडना तुमच्या आधीपासून माहीत आहे.

२. प्रयोगशाळेतल्या रिगचं वर्णन चार ओळींत. कशाने तापवता, काय तापतं, कुठला व्हॉल्व्ह हलवता, तापमान कुठे मोजता. इथे एक गोष्ट आधी रिगजवळ उभं राहून बघून या: थंड पाण्याचा प्रवाह मोजायला ट्रान्समीटर आहे की नुसता रोटामीटर? काचेच्या नळीतला तो तरंगता गोळा तुम्हाला दिसतो, संगणकाला दिसत नाही. "प्रवाह बदलला की एमपीसी आधीच सावध होईल" असं पत्रात लिहिलंत आणि रिगवर नुसता रोटामीटर निघाला, तर पत्र तिथेच संपलं.

३. स्टेप टेस्ट करा आणि तीन आकडे काढा: गेन म्हणजे व्हॉल्व्ह एक टक्का हलला की तापमान किती बदलतं, डेड टाइम म्हणजे बदल दिसायला लागेपर्यंतचा वेळ, आणि टाइम कॉन्स्टंट म्हणजे त्यानंतर तो किती सावकाश होतो. तापमान स्थिर होऊ द्या, व्हॉल्व्ह एकदम १० टक्क्यांनी उघडा, हात लावू नका. पुन्हा स्थिर झालं की तेवढाच बंद करा, म्हणजे व्हॉल्व्ह अडकतो का तेही कळेल. आमच्या रिगवर व्हॉल्व्ह ४० वरून ५० टक्क्यांवर नेला तेव्हा बाहेर येणारं पाणी ४२ अंशांवरून ४७ वर गेलं. म्हणजे गेन दर टक्क्याला ०.५ अंश. एकूण बदलाचा २८.३ टक्के भाग १८ सेकंदांत झाला आणि ६३.२ टक्के भाग ३८ सेकंदांत. या दोन वेळांतल्या फरकाची दीडपट म्हणजे टाइम कॉन्स्टंट, ३० सेकंद. तो ३८ मधून वजा केला की डेड टाइम उरतो, ८ सेकंद.

या आठ सेकंदांकडे नीट बघा. एक्स्चेंजरच्या तोंडापासून आमचा तापमान मोजणारा आरटीडी १.२ मीटर पुढे होता आणि नळीत पाण्याचा वेग सेकंदाला साधारण ०.३ मीटर. म्हणजे आठातले चार सेकंद निव्वळ पाणी वाहत जाण्यात जात होते. आरटीडी जवळ सरकवला की हे चार सेकंद कुठल्याही अल्गोरिदमशिवाय वाचतात. गाईड हे विचारणारच. सरकवता येत नसेल तर का येत नाही, तेही एका वाक्यात लिहा.

४. पीआयडीला प्रामाणिकपणे ट्यून करा. माझं घोडं इथेच अडलं होतं. दरवर्षी इथेच अडतात सगळे.

होतं काय, की एमपीसीवर आपण दोन महिने घालवतो आणि पीआयडीला दहा मिनिटं देतो. हाताशी झीग्लर–निकल्सचा ट्यूनिंगचा तक्ता असतो, त्यातले आकडे टाकतो, आलेख डोलताना दिसतो आणि आपण खूश होतो: बघा, पीआयडी कसा हेलकावतो! पण १९४२ सालचा तो नियम मुद्दाम आक्रमक आहे. प्रत्येक हेलकावा आधीच्याच्या एक चतुर्थांश उरावा, हा त्याचा हिशेब. त्याला हरवून एमपीसी मोठा होत नाही. "झीग्लर–निकल्स वापरा, सगळे तेच वापरतात" हा सीनियर्सचा सल्ला मी ऐकला आणि तोंडघशी पडलो.

आमच्याच आकड्यांवर करून बघा. K म्हणजे गेन, τ टाइम कॉन्स्टंट, θ डेड टाइम, τc हवा तो प्रतिसादवेळ; Kc आणि Ti हे कंट्रोलरचे गेन आणि इंटिग्रल टाइम. स्कोगेस्टाडचा २००३ सालचा साधा नियम घेतला, त्यात हवा तो प्रतिसादवेळ डेड टाइमइतकाच ठेवला, तर पीआय कंट्रोलर, म्हणजे डी नसलेला पीआयडी, असा निघतो:

```
K = 0.5, τ = 30, θ = 8, τc = θ = 8
Kc = τ / (K(τc + θ)) = 30 / (0.5 × 16) = 3.75
Ti = min(τ, 4(τc + θ)) = min(30, 64) = 30 s
```

झीग्लर–निकल्सचा पीआय इथेच Kc = 6.75 आणि Ti = 26.7 सेकंद देतो, म्हणजे कंट्रोलरचा गेन जवळजवळ दुप्पट. ज्या प्रवाहावर टेस्ट केली तिथे दोन्ही चालतात, एक जरा जास्त डोलतो एवढंच. खरी गंमत थंड पाण्याचा प्रवाह अर्धा केल्यावर होते. पाणी आत जास्त वेळ राहतं, त्यामुळे रिगचा गेन वाढतो. नळीतल्या चार सेकंदांचे आठ होतात. आम्हाला गेन ०.९, टाइम कॉन्स्टंट ४५ आणि डेड टाइम १२ सेकंद मिळाला. आता हिशेब केला तर ६.७५ वाला लूप अस्थिर निघतो. रिगवर तो कसा दिसतो? व्हॉल्व्ह एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आपटत राहतो आणि तापमान लाटांसारखं वरखाली होतं, थांबतच नाही. ३.७५ वाला डोलतो, पण सावरतो.

मी पत्रात तो आपटणारा आलेख लावला होता आणि खाली अभिमानाने लिहिलं होतं, "पीआयडी अपुरा". मॅडमनी पेन्सिलने त्यावर फुली मारली आणि बाजूला लिहिलं, "हा ट्यूनिंगचा दोष. पुन्हा करा." तीन आठवडे गेले.

म्हणून पत्र लिहिण्यापूर्वी पीआयडीला तेच द्या जे एमपीसीला देणार आहात. एमपीसीला प्रवाहाचा सिग्नल मिळणार असेल तर पीआयडीलाही त्याच सिग्नलवरून फीडफॉरवर्ड द्या, म्हणजे प्रवाह बदलताच तोही व्हॉल्व्ह आधीच हलवेल. एमपीसीला व्हॉल्व्हच्या मर्यादा माहीत असतील तर पीआयडीला अँटी-विंडअप लावा, म्हणजे व्हॉल्व्ह टोकाला अडकलेला असताना त्याची चुकांची बेरीज फुगत जाणार नाही. मोजताना नुसती तापमानाची चूक मोजू नका, व्हॉल्व्ह एकूण किती हलला तेही मोजा, कारण व्हॉल्व्ह नाचवून तापमान सरळ ठेवणं कुणालाही जमतं. एवढं केल्यावर एमपीसीची आघाडी बरीच आटते. आटू द्या. जी उरते ती खरी.

५. एमपीसीवरही अन्याय नको. माझी दुसरी चूक उलट्या दिशेची. सॅम्पल टाइम एक सेकंद, आणि प्रेडिक्शन हॉरायझन, म्हणजे किती पावलं पुढचं बघायचं ते, दहा. ऐकायला ठीक वाटतं. पण डेड टाइमच आठ सेकंदांचा, म्हणजे आपल्या हालचालीच्या परिणामातले जेमतेम दोन सेकंद त्या बिचाऱ्याला दिसत होते. तेवढ्यात पाणी फारसं तापत नाही, म्हणून तो व्हॉल्व्ह धाडकन उघडायचा. हालचालीवरचं वजन वाढवलं की सुस्त व्हायचा. मी पंधरा दिवस वजनंच बदलत बसलो. हॉरायझनमध्ये डेड टाइम आणि चार टाइम कॉन्स्टंट मावले पाहिजेत: इथे ८ अधिक १२०, म्हणजे १२८ सेकंद. दोन सेकंदांच्या सॅम्पलने ६४ पावलं होतात. कंट्रोल हॉरायझन, म्हणजे व्हॉल्व्हच्या पुढच्या किती हालचाली ठरवायच्या ते, तीन-चार पुरतो.

६. निर्णय तुम्ही द्या, आणि तो कशाने बदलेल तेही सांगा. "कृपया मार्गदर्शन करावे" लिहून निर्णय गाईडच्या गळ्यात घालू नका. इनपुट एक, आउटपुट एक, डेड टाइम टाइम कॉन्स्टंटच्या पाव भागाच्या आसपास, आणि व्हॉल्व्ह मर्यादेपासून लांब: अशा ठिकाणी नीट ट्यून केलेला पीआय पुरतो, माझं मत स्पष्ट आहे. डेड टाइम टाइम कॉन्स्टंटपेक्षा मोठा असेल, दोन व्हॉल्व्ह एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करत असतील, किंवा काम मर्यादेला चिकटूनच करायचं असेल, तर एमपीसी बोला.

आमच्या रिगसाठी शेवटी गेलेलं पत्र साधारण असं होतं:

> आदरणीय मॅडम,
>
> प्रकल्पासाठी एमपीसी घ्यावा की पीआयडी, याबद्दल माझा विचार कळवत आहे.
>
> रिगवर दोन प्रवाहांवर स्टेप टेस्ट केली. पूर्ण प्रवाहावर गेन ०.५, टाइम कॉन्स्टंट ३० सेकंद आणि डेड टाइम ८ सेकंद मिळाला. अर्ध्या प्रवाहावर हेच आकडे ०.९, ४५ आणि १२ आले. पूर्ण प्रवाहावरच्या डेड टाइममधले सुमारे ४ सेकंद आरटीडीच्या जागेमुळे आहेत. नळीला तिथे एकच सॉकेट असल्याने तो सरकवता आला नाही.
>
> नुसतं तापमान राखायचं असेल तर पीआय पुरेसा आहे असं मला वाटतं. दोन्ही प्रवाहांवर तो स्थिर राहतो, मात्र अर्ध्या प्रवाहावर डोलतो. त्यामुळे "एमपीसी सरस आहे" हे सिद्ध करण्याचा विषय मी सोडत आहे.
>
> त्याऐवजी एकच प्रश्न घ्यावा असं सुचवतो: गरम पाण्याचा व्हॉल्व्ह ९० टक्क्यांच्या मर्यादेजवळ असताना थंड पाण्याचा प्रवाह अचानक वाढला, तर फीडफॉरवर्ड आणि अँटी-विंडअप असलेल्या पीआयपेक्षा एमपीसी तापमान लवकर सावरतो का? दोघांना प्रवाहाचा एकच सिग्नल देईन. तापमानाची एकूण चूक आणि व्हॉल्व्हची एकूण हालचाल, दोन्ही मोजेन.
>
> यासाठी रोटामीटरच्या जोडीला फ्लो ट्रान्समीटर लागेल. तो न मिळाल्यास एमपीसीचा भाग सिम्युलेशनपुरता ठेवेन आणि अहवालात तसं स्पष्ट लिहीन.
>
> आपली सोय असेल त्या दिवशी भेटायला येतो.

फ्लो ट्रान्समीटरची ओळ मुलं हटकून गाळतात, कारण खर्चाचं बोलायला संकोच वाटतो. गाळू नका. खरेदीच्या फायलीला सह्या व्हायला वेळ लागतो, आणि फेब्रुवारीत मागितलेला ट्रान्समीटर व्हायवानंतर येतो.

सोबत एकच आलेख जोडा, स्टेप टेस्टचा. वेळ सेकंदांत, तापमान अंशांत, आणि व्हॉल्व्ह कुठल्या क्षणी हलवला तिथे एक उभी रेघ.