पीएम-किसानचे नियम मराठीत आणताना या चुका टाळा

इंग्रजी परिपत्रकाचं मराठी करून गावात लावलं, तरी लोक पुन्हा तलाठ्याकडेच विचारायला जातात. तिथे दोष फक्त जड शब्दांचा नसतो. ‘उपरोक्त’ काढून ‘वरील’ लिहिलं तरी वाचणाऱ्याला ‘मला मिळणार की नाही’ हे कळत नाही, कारण वाक्याची गाठ तशीच राहिलेली असते. हे दाखवायला पंतप्रधान किसान सन्मान निधीचे पात्रतेचे नियम फार उपयोगी पडतात. योजना सर्वांना माहीत आहे, वर्षाला ६,००० रुपये, २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत. नियमही दोन पानांत मावणारे. तरी त्यांच्या मराठी पत्रकांत त्याच त्या चुका दिसतात.

‘वगळून’ची दुहेरी गाठ

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. कोणाला लाभ मिळणार नाही, त्याच्या यादीत निवृत्त कर्मचाऱ्यांची एक ओळ आहे. तिचं मराठी साधारण असं छापलं जातं:

> उपरोक्त प्रवर्गातील सर्व सेवानिवृत्त / निवृत्तिवेतनधारक ज्यांचे मासिक निवृत्तिवेतन रु. १०,०००/- किंवा त्याहून अधिक आहे (बहुकार्य कर्मचारी / चतुर्थ श्रेणी / गट ड कर्मचारी वगळून).

शब्दाला शब्द बरोबर आहे. पण वर मथळा आहे ‘खालील व्यक्ती अपात्र’, आणि खाली कंसात ‘वगळून’. निवृत्त शिपाई ही ओळ वाचतो तेव्हा त्याला कळतं ते एवढंच, की गट ड वगळलेत, म्हणजे आपण वगळलेलो. अर्थ नेमका उलटा झाला. जो पात्र होता तोच अर्ज न करता घरी जातो, आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण न आलेल्या अर्जाची नोंद कुठेच होत नसते.

इथे सोपा शब्द शोधून उपयोग नाही, वाक्यच मोडायला हवं. नकाराच्या आत दुसरा नकार आला की दोन वाक्यं करायची, आणि दुसरं वाक्य होकारार्थी ठेवायचं:

> सरकारी नोकरीतून निवृत्त झालात आणि पेन्शन महिन्याला १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तर लाभ मिळणार नाही.
> पण शिपाई, चौकीदार, सफाई कर्मचारी अशा चतुर्थ श्रेणीच्या (गट ड) पदावरून किंवा केंद्र सरकारच्या कार्यालयातून एमटीएस म्हणून निवृत्त झालात, तर पेन्शन कितीही असली तरी या कारणाने नाव कापलं जात नाही.

‘एमटीएस’ मुद्दाम ठेवलं आहे. त्या माणसाच्या निवृत्तीच्या कागदावर आणि बोलण्यात तोच शब्द असतो. ‘बहुकार्य कर्मचारी’ म्हटलं तर तो स्वतःला ओळखणार नाही. तो शब्द गाळून नुसतं ‘गट ड’ लिहिणंही चूक, कारण सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्राचे हे कर्मचारी गट क मध्ये गेले. ‘या कारणाने’ हे दोन शब्दही महत्त्वाचे आहेत. ते नसतील तर शिपायाला वाटेल की आपण नक्कीच पात्र, आणि जमिनीची अट तो वाचणारच नाही.

‘कुटुंब’ म्हणजे कोण?

मूळ नियमात कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अज्ञान मुलं. गावात कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारे सगळे. जुन्या पिढीतले काही जण तर ‘कुटुंब’ म्हणतात ते बायकोला. त्यामुळे ‘कुटुंबातील एक जरी सदस्य वरील प्रवर्गात असल्यास कुटुंब अपात्र’ असं लिहिलं, की वडिलांना पेन्शन आहे म्हणून लग्न झालेला, वेगळा सातबारा असलेला मुलगाही माघार घेतो. नियमाप्रमाणे तो सज्ञान मुलगा, त्याची बायको आणि त्यांची लहान मुलं हे वेगळं कुटुंब आहे.

व्याख्या पत्रकाच्या शेवटी तळटीपेत टाकू नका. जिथे पहिल्यांदा ‘कुटुंब’ येईल तिथेच सांगा: ‘या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची १८ वर्षांखालची मुलं-मुली. आई-वडील, भाऊ आणि १८ पूर्ण झालेली मुलं यात धरत नाहीत.’ दुसरं वाक्य मूळ मजकुरात नाही, म्हणून कोणी वरिष्ठ ते काढायला लावतील. आग्रहाने ठेवा, नवा नियम त्यात नाही, पहिल्या वाक्याचाच अर्थ आहे. ‘अज्ञान’ मात्र नको. कायद्याच्या भाषेत तो १८ वर्षांखालचा असतो, चावडीवर तो अडाणी असतो.

शेतकरी, कसणारा आणि जमीनधारक

इंग्रजीत ज्याच्या नावावर जमीन तो एक शब्द आणि शेती करणारा तो दुसरा. मराठीत आपण दोघांनाही ‘शेतकरी’ म्हणून मोकळे होतो. मग बटईने किंवा खंडाने शेत कसणारा माणूस रांगेत उभा राहतो आणि त्याची फेरी फुकट जाते. ‘भूधारक शेतकरी कुटुंब’ हे बरोबर आहे, पण पुरेसं नाही. ‘सातबाऱ्यावर तुमचं नाव भोगवटादार म्हणून असायला हवं. दुसऱ्याची जमीन बटईने किंवा खंडाने करत असाल आणि स्वतःच्या नावावर काहीच नसेल, तर लाभ मिळत नाही’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो. ‘भोगवटादार’ जड वाटला तरी राहू द्या. सातबाऱ्यावर तोच छापलेला असतो, बोट ठेवून दाखवता येतो.

तारखेचीही अशीच गोष्ट. ‘दि. ०१.०२.२०१९ रोजीची भूधारणा ग्राह्य’ या ओळीतून २०२१ मध्ये जमीन विकत घेतलेल्याला काही कळत नाही. ‘१ फेब्रुवारी २०१९ ला जमीन तुमच्या नावावर असायला हवी. त्यानंतर विकत घेतलेली चालत नाही. मालक वारल्यामुळे वारसाने नावावर आली असेल तर चालते. वारसाचा फेरफार सोबत आणा.’

कर ‘भरणारा’ कोण?

ज्याने मागच्या कर निर्धारण वर्षात आयकर भरला, तो अपात्र. ही अट मराठीत ‘आयकर विवरणपत्र भरणारे’ अशी उतरलेली बघितली आहे. यातून मोठा फरक पडतो. टेम्पो किंवा ट्रॅक्टरच्या कर्जासाठी बँकेने मागितलं म्हणून रिटर्न भरलेले, पण एक रुपयाही कर न लागलेले लोक गावोगाव आहेत. बोलताना तेही ‘इन्कमटॅक्स भरला’ असंच म्हणतात. म्हणून इथे नुसतं ‘भरला’ हे क्रियापद विश्वासाचं नाही. ‘इन्कमटॅक्सचे पैसे भरावे लागले असतील तर लाभ नाही. नुसता रिटर्न भरला आणि कर शून्य आला असेल, तर या अटीमुळे अडत नाही.’

‘कर निर्धारण वर्ष’ जसंच्या तसं ठेवून भागत नाही. २०१७-१८ च्या कमाईचं निर्धारण वर्ष २०१८-१९ असतं. माणूस कमाईचं वर्ष धरून उत्तर देतो आणि एका वर्षाची गफलत होते. पत्रकात कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंतची कमाई ते लिहा, आणि दर वर्षी ती ओळ बदला.

अर्जातले रकाने

क्षेत्राच्या रकान्यात ‘हे.’ एवढंच लिहिलं की घोळ ठरलेला. लोक एकर-गुंठ्यात बोलतात. दोन एकरवाला बिनदिक्कत २ लिहितो, आणि हेक्टरच्या रकान्यात त्याचे जवळपास पाच एकर होतात. गणित शिकवत बसू नका. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्येच असतं, तेव्हा ‘सातबाऱ्यावर आहे तसं लिहा. तिथे ०.८१.०० असेल तर ०.८१ लिहा’ एवढं पुरतं.

इंग्रजीतून आलेल्या केंद्राच्या अर्जांत ‘खसरा’सारखे उत्तरेकडचे शब्द येतात. त्यांचं नुसतं देवनागरी करू नका. आपल्याकडे गट क्रमांक सातबाऱ्यावर आणि खाते क्रमांक आठ-अ वर असतो. कोणता आकडा कोणत्या कागदावरून घ्यायचा, ते रकान्याखालीच लिहा.

आधारचंही तसंच. ‘बँक खाते आधार संलग्न असावे’ वाचून माणूस म्हणतो, आधार तर खातं उघडतानाच दिलं होतं. पण आधार एकाहून जास्त खात्यांना जोडलेलं असलं, तरी आधारवर पाठवलेलं सरकारी अनुदान त्यांतल्या एकाच, एनपीसीआय या बँकांमधले पैशांचे व्यवहार चालवणाऱ्या संस्थेकडे नोंदवलेल्या खात्यात येतं. म्हणून ‘बँकेत जाऊन विचारा: माझं सरकारी अनुदान आधारवर याच खात्यात येईल का?’ असा तयार प्रश्नच हातात द्या.

तपासायचं कसं?

मसुदा वाचून दाखवून ‘समजलं का?’ विचारलं तर सगळे ‘हो’ म्हणतात. समोर साहेब असला की ‘नाही’ कोण म्हणणार! त्याऐवजी माणसं रचून विचारा, आणि उत्तर पत्रकात बघूनच द्यायला सांगा.

एक: वडील निवृत्त शिक्षक, पेन्शन वीस हजारांच्या वर. मुलगा त्यांच्याच घरात राहतो, त्याचं लग्न झालंय, २०१५ पासून त्याच्या नावावर वेगळी जमीन आहे. मुलाला मिळेल? (वडिलांच्या पेन्शनमुळे अडत नाही. वडिलांना स्वतःला मात्र मिळणार नाही.) दोन: निवृत्त शिपाई, पेन्शन तेरा हजार, जमीन वडिलोपार्जित, २०१० पासून नावावर. (पेन्शन आड येत नाही.) तीन: २०२१ ला विकत घेतलेला एक एकर, दुसरी जमीन नाही. (नाही.)

पत्रक तयार करण्यात ज्यांचा हात नव्हता अशा पाच-सहा जणांना हे विचारलं तरी पुरे. पहिल्या प्रश्नावर दोघेजण चुकले तर कुटुंबाची ओळ फसली आहे, दुसऱ्यावर चुकले तर ‘वगळून’ कुठेतरी परत शिरलंय. माणसाला पुन्हा समजावून सांगू नका, ती ओळ पुन्हा लिहा.

शेवटी पत्रकाच्या तळाशी मूळ परिपत्रकाचा क्रमांक, तारीख आणि ‘शंका असल्यास मूळ परिपत्रक ग्राह्य’ ही ओळ हवीच. सुरुवातीला ही योजना दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी होती. १ जून २०१९ पासून ती मर्यादा गेली. तारीख नसलेल्या जुन्या पत्रकावर दोन हेक्टरची अट अजून दिसली, तर ते कधीचं आहे हे ओळखायची सोय नसते, आणि अडीच हेक्टरवाला ते खरं धरून परत फिरतो. असं पत्रक सापडलं तर त्यावर पेनाने दुरुस्ती करू नका, काढून टाका.