हॉस्टेल, उद्याचा पेपर आणि मृत्यूचं पान: ही कथा लिहिताना या चुका टाळा

परीक्षेच्या आदल्या रात्री हॉस्टेलमधला मुलगा टॅरोचं, म्हणजे भविष्य बघायच्या पत्त्यांतलं, पान ओढतो आणि नेमकं 'डेथ' निघतं. कल्पना ऐकताक्षणी कथा तयार झाल्यासारखी वाटते, म्हणूनच ती बहुतेक वेळा फसते. पहिल्या खर्ड्यात शेवट दोनपैकी एक असतो: सकाळी मुलाला अपघात होतो, नाहीतर शहाणा रूममेट सांगतो की मृत्यू म्हणजे बदल, जुनं जाऊन नवं येणं. दोन्हीकडे पान हे कोडं आणि शेवटचा परिच्छेद हे उत्तर. रात्री अकरा ते सकाळी दहा, म्हणजे खरी कथा जिथे घडायची ती जागा, कोरीच राहते.

प्रश्नच न विचारता पान ओढणं

सगळ्यात मोठी चूक ही. मुलगा 'सहज' पान ओढतो, मृत्यू निघतो, तो घाबरतो. टॅरोचं पान प्रश्नाशिवाय आणि जागेशिवाय काहीच सांगत नाही. पत्ते मांडणारा आधी ठरवतो की पहिली जागा अमुक गोष्टीची, दुसरी तमुक गोष्टीची, आणि पान त्या जागेच्या संदर्भात वाचतो. ही साधी पद्धत वापरली की कथेला इंजिन मिळतं.

उदाहरण घेऊ. पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नचा सेकंड इयर सिव्हिलचा ओंकार. स्ट्रक्चर्सचा पेपर, एण्ड-सेम ७० गुणांची. टॉर्शन, डिफ्लेक्शन आणि कॉलम ही तीन युनिटं राहिली आहेत आणि रात्रीत दोनच होतील. म्हणजे एक ऑप्शनला टाकायचं. कोणतं, एवढाच त्याचा प्रश्न. तो तीन पानं मांडतो, प्रत्येक युनिटाला एक. कॉलमच्या जागेवर मृत्यू येतो.

आता रूममेट पाटील म्हणतो, "मेलं ते युनिट. सोड." आणि ओंकारला वाटतं, हेच युनिट आपल्याला मारणार, म्हणून हेच आधी करायला हवं. एकाच पानाचे दोन उलटे अर्थ, दोन्ही पटण्यासारखे, आणि रात्र एकच. इथे कोणी कोणाला टॅरो समजावत नाही. वाचकाला मात्र कळतं की पान स्वतः काहीच सांगत नाही, आणि तेही भाषण न ठोकता.

आपल्या खर्ड्यात ही चूक आहे का, हे ओळखायला सोपी चाचणी आहे. मृत्यूच्या जागी 'टॉवर' किंवा 'डेव्हिल' असं दुसरं पान घालून बघा. पुढचं एकही वाक्य बदलावं लागत नसेल, तर पान कथेत काही करत नाही, नुसतं घाबरवतं. वरच्या मांडणीत 'टॉवर' घातला तर पाटलाचं "मेलं ते युनिट" हे वाक्यच उभं राहत नाही.

चित्र डोळ्यासमोर न ठेवता वर्णन करणं

काळा झगा, हातात विळा, लाल डोळे. हे वर्णन लिहिणाऱ्याने पत्ता बहुधा पाहिलेला नसतो. आपल्याकडे जो संच सर्वाधिक दिसतो तो १९०९ सालचा रायडर-वेट-स्मिथ, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. त्यातला मृत्यू काळ्या चिलखतातला सांगाडा आहे, पांढऱ्या घोड्यावर बसलेला. हातात विळा नाही, काळं निशाण आहे आणि त्यावर पांढरा गुलाब. घोड्याच्या पायाशी राजा पडला आहे, मुकुट बाजूला. पिवळ्या वस्त्रातला धर्मगुरू हात जोडून उभा. गुडघ्यावर बसलेल्या तरुणीने तोंड फिरवलं आहे आणि शेजारचं लहान मूल मात्र सरळ घोड्याकडे बघतंय. मागे नदीत एक होडी आणि लांब दोन बुरुजांमध्ये सूर्य. तो उगवतोय की मावळतोय यावर वाद घालता येतो.

विळा असलेला सांगाडाही खोटा नाही, पण तो जुन्या मार्सेय पद्धतीच्या संचातला. तिथे मृत्यूच्या, म्हणजे तेराव्या, पानावर परंपरेने नावच छापत नाहीत, फक्त अंक असतो. म्हणून 'पानावर डेथ लिहिलं होतं' आणि 'सांगाडा विळा चालवत होता' ही दोन वाक्यं एकाच पानाबद्दल लिहिली की जाणकार वाचक तिथेच थांबतो.

एवढं सगळं चित्र कथेत ओतायचं नाही. रात्री साडेअकराला, टेबललॅम्पखाली, कॉलमच्या काळजीने बसलेल्या मुलाला यातलं एकच काही दिसेल. ओंकारला राजा दिसत नाही, मूल दिसतं. 'याला कसली भीती नाही' असा विचार त्याच्या तोंडी घालण्याचा मोह होतो. तो टाळा. नुसतं 'मूल बघत होतं' पुरतं.

पत्ते पिसणं उरकून टाकणं

'त्याने पत्ते पिसले आणि एक काढला.' या वाक्यात एक चांगली संधी वाया जाते. टॅरोचा संच ७८ पानांचा, त्यातली २२ मोठ्या मानाची, ५६ छोट्या मानाची, आकार सगळ्यांचा एकच. एक पान सुमारे ७० बाय १२० मिलिमीटर, म्हणजे रमीच्या पत्त्याहून चांगलंच मोठं. रमीला सरावलेल्या हातात हा गठ्ठा मावत नाही. मुलं तो दोन-चारदा वरवर हलवतात आणि झालं म्हणतात. एवढ्याने पानं नीट मिसळत नाहीत, लगतच्या पानांचे झुपके तसेच राहतात.

नवा संच खोक्यातून बहुधा क्रमानेच निघतो: शून्य क्रमांकाचा 'फूल', मग एकपासून एकवीसपर्यंत मोठी पानं, नंतर छोटी. मृत्यूच्या अलीकडे बारावा 'हँग्ड मॅन', पलीकडे चौदावं 'टेम्परन्स'. आता ओंकारच्या तीन जागांवर अनुक्रमे टेम्परन्स, मृत्यू, हँग्ड मॅन अशी पानं आली, तर? त्याला ते भयंकर वाटेल. पत्त्यांची सवय असलेला पाटील आकडे वाचेल, चौदा, तेरा, बारा, आणि म्हणेल, "अरे, पिसलेच नाहीस तू."

मात्र असं केलं तर मृत्यू मधल्या जागेवर येतो, म्हणून कॉलमला मधली जागा द्यायची. असे तपशील मांडणी ठरवतानाच जुळवावेत, नंतर ठिगळ लावलं की दिसतं. योगायोगाची अडचणही इथेच सुटते. नीट पिसलेल्या संचातून तीन पानांत मृत्यू येण्याची शक्यता सव्वीसात एक. कथेत एवढा योगायोग खपतो, पण न पिसलेला नवा गठ्ठा हे कारण दिलं तर योगायोगाची गरजच राहत नाही. आणि गंमत अशी, की कारण कळूनही ओंकारची भीती जात नाही. पाटलाचं वाक्य ऐकून तो पुन्हा पिसायला घेतो की नाही, हा कथेतला सगळ्यात महत्त्वाचा क्षण. त्याला दोन-तीन ओळींत उरकू नका.

घड्याळ न जुळणं

बऱ्याच खर्ड्यांत मुलगा बाराला पान ओढतो, मग गच्चीवर जातो, आईला फोन करतो, टॅरोचा इतिहास वाचतो, मित्राशी तात्त्विक बोलतो आणि पहाटे चारला सगळं वाचून होतं. अभ्यास कधी केला? कागदाच्या कडेला तास लिहून काढा. साडेअकराला पान, पावणेबारापर्यंत वाद. मग डिफ्लेक्शनची चार गणितं, त्यातली दोन चुकलेली. दीड वाजता चहा, तोही कॉमन रूमच्या इंडक्शनवर, कारण मेस केव्हाची बंद. आईचा फोन हवा असेल तर तो आधी साडेनऊला येऊन गेलेला असू द्या. रात्री दोनला मुलाने घरी फोन केला तर घरचे हादरतील आणि कथा त्यांची होईल.

आत्महत्येचा धक्का

हॉस्टेल, परीक्षा आणि मृत्यू हे शब्द एकत्र आले की काही लेखक शेवटी पंखा किंवा गच्ची आणतात. धक्का म्हणून हे वापरू नका. वाचणाऱ्यांत त्याच अवस्थेतली मुलं असतात. शिवाय कथेच्या अंगानेही ते खोटं पडतं, कारण ऑप्शनला टाकायच्या युनिटाची चिंता आणि जगणं नको होणं यांत मोठं अंतर आहे आणि ते अंतर एका पत्त्याने ओलांडलं जात नाही. विषय तोच असेल तर ती वेगळी, पूर्ण कथा आहे. ती लिहिताना पद्धतीचं वर्णन गाळावं.

पान कुठे गेलं?

मृत्यूचं पान निघाल्यावर त्याचा पत्ताच न लागणं ही शेवटची आणि हमखास सापडणारी चूक. वस्तू हातात आली की ती कुठेतरी ठेवली जाते. ओंकारने समजा ते कॉलमच्या पानांत खूण म्हणून खुपसलं. पहाटे तीनला, कॉलम किती भाराला वाकतो हे सांगणारं ऑयलरचं सूत्र घोकताना, पत्त्याच्या पांढऱ्या कडेवर पेन्सिलीने प्रभावी लांबीचे, म्हणजे Le चे, ते चार प्रकार लिहिले, ज्यांत सगळ्यांची गल्लत होते:

```
P = π²EI / Le²
दोन्ही टोकं बिजागरी   Le = L
दोन्ही टोकं घट्ट        Le = L/2
एक घट्ट, एक बिजागरी    Le = L/√2
एक घट्ट, एक मोकळं      Le = 2L
```

सकाळी हॉल तिकिटाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ते पान सरकून गेलं. आकार तसाच आहे, सहज मावतं. आता पर्यवेक्षक पाकीट उघडून बघतात तेव्हा त्यांच्या हातात भविष्य नसतं, हस्ताक्षरातलं सूत्र असतं. हा धोका भाकिताने आणलेला नाही, रात्री तीनला ओंकारने स्वतः उचललेल्या पेन्सिलीने आणलेला आहे.

पुढे काय होतं ते ठरवताना पर्यवेक्षकांना राक्षस करू नका. ते पान उलटसुलट करतात, सांगाड्याकडे बघतात, कडेवरची बारीक अक्षरं वाचायला चष्मा वर सरकवतात. ओंकारची प्रश्नपत्रिका अजून पालथीच आहे. कॉलमचा प्रश्न आला आहे की नाही, हे त्याला या क्षणी आठवतही नाही. कथा इथे सोडली तरी चालते. निकालाचा परिच्छेद लिहिलाच असेल, तर तो काढून कथा एकदा वाचून बघा.