पहिल्या बैठकीआधी: पॉश समितीची तयारी

तक्रारीचं पाकीट उघडलं की समितीतलं कुणीतरी हमखास विचारतं, "हे गुप्त आहे ना, मग त्याला काय काय दाखवायचं?" पॉश म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा; त्याखाली नेमलेल्या मुंबईतल्या कार्यालयांच्या अंतर्गत समित्यांवर मी बाह्य सदस्य म्हणून बसते, आणि हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की माझी तयारी तिथूनच सुरू होते. गुप्तता पाळायची ती बाहेरच्यांपासून. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्यापासूनच तक्रार लपवली, तर ती चौकशी पुढे टिकत नाही. पण मी बरेचदा पाहते ते उलटंच: त्याला दोन ओळींचा गोषवारा मिळतो, आणि मजल्यावर मात्र तक्रार करणारीचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं.

उदाहरणासाठी एक कल्पित प्रकरण घेऊ. अंधेरी पूर्वेचं कार्यालय. सोमवारी, 7 जुलै 2025 ला एका महिला कर्मचाऱ्याची लेखी तक्रार आली. फेब्रुवारीपासून टीम मॅनेजर रात्री उशिरा नकोसे मेसेज पाठवतो, आणि 22 मे रोजी वाशीच्या बैठकीहून परतताना कंपनीच्या गाडीत त्यानं हात धरून जवळ ओढलं. मुदत आधी बघून घ्या. कायदा तीन महिने देतो, आणि घटनांची मालिका असेल तर ते शेवटच्या घटनेपासून मोजायचे. म्हणजे ही तक्रार वेळेत आहे. कंपनीनं दिलेली गाडी कायद्यानं कामाच्या ठिकाणातच येते, त्यामुळे "ऑफिसबाहेर घडलं" या मुद्द्यावर वेळ घालवू नका.

त्याच दिवशी पुरावा जपण्याचं पत्र पाठवा. कॅमेऱ्याचं चित्रण काही आठवड्यांत पुसलं जातं, गाडीच्या फेऱ्यांच्या नोंदीही कायम राहतात असं नाही. इथेच पहिली गळती होते. प्रशासन विभागाला "अमुक बाईंच्या 22 मेच्या फेरीची नोंद द्या" असं लिहिलं, तर संध्याकाळपर्यंत चहाच्या टेबलावर चर्चा. म्हणून मी त्या आठवड्यातल्या सगळ्या फेऱ्यांची नोंद मागवते, कारण न सांगता. हवी ती ओळ समितीनं आत बसून शोधायची. मेसेजचे नुसते स्क्रीनशॉट घेऊ नका. तिच्या समोर मूळ फोनवर संभाषण बघा, आधीचे-नंतरचे मेसेजही वाचा, आणि काय पाहिलं ते रोजनाम्यात लिहा.

मग समितीकडे वळा. आपल्यापैकी कुणी त्या मॅनेजरचा वरिष्ठ, मित्र किंवा नातेवाईक आहे का, हे प्रत्येकानं लेखी सांगायचं. असेल त्यानं या प्रकरणातून बाजूला व्हायचं. चौकशीच्या बैठकीला पीठासीन अधिकाऱ्यांसह किमान तीन सदस्य लागतात. पाचातले दोन बाजूला झाले आणि तिसरे आजारी पडले, तर बैठकच होणार नाही, तेव्हा ही मोजणी तारखा ठरवण्याआधी करा.

नियमांप्रमाणे तक्रार सहा प्रतींत येते. प्रत्येक प्रतीच्या प्रत्येक पानावर क्रमांक घाला आणि कुठली प्रत कुणाला दिली ते लिहून सही घ्या. पुढे कुठे फोटो फिरला तर तो कुठून निघाला हे कळतं. मात्र त्यातली एक प्रत त्या मॅनेजरला संपूर्ण द्यायची, जोडलेल्या कागदांसह, सात कामाच्या दिवसांत. आमच्या उदाहरणात शनिवार सुट्टीचा धरला तर 16 जुलैपर्यंत. साक्षीदारांचे फोन नंबर आणि घरचे पत्ते मी त्या प्रतीवर झाकते, नावं आणि मजकूर नाही. सोबतच्या पत्रात एवढंच लिहा की उत्तरासाठी दहा कामाचे दिवस आहेत, तक्रारदाराशी किंवा साक्षीदारांशी याविषयी बोलायचं नाही, आणि वकील आणता येणार नाही. प्रत त्याला 14 तारखेला मिळाली, तर उत्तराची मुदत 28 जुलै.

तिला या काळात त्याच्या हाताखाली काम करणं कठीण जात असेल, तर तिनं लेखी मागितल्यावर समिती बदली, तीन महिन्यांपर्यंत रजा किंवा तिचं मूल्यमापन दुसऱ्याकडे सोपवण्याची शिफारस करू शकते. तिला न विचारता तिचीच जागा हलवू नका. मजल्यावर त्याचा अर्थ एकच काढतात.

चौकशी पूर्ण करायला कायदा देतो ते नव्वद दिवस आम्ही तक्रार मिळाल्यापासून मोजतो, म्हणजे 5 ऑक्टोबर. मध्ये 27 ऑगस्टला गणपती येतात. निम्मे साक्षीदार आठवडाभर कोकणात असतील, गाडीचा चालकही कदाचित. त्यामुळे जबाब 22 ऑगस्टपर्यंत आटोपा. पण घाईही करू नका. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात समितीनं बैठकांचा सपाटा लावला आणि बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं मे 2023 मध्ये कारवाई रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. तक्रारी 2009 च्या होत्या. त्या तक्रारदारांच्या चौदा वर्षांचा विचार मनातून जात नाही.

बैठकीची खोली काचेची नको. एका कार्यालयात सुनावणीचं निमंत्रण सगळ्यांना दिसणाऱ्या कॅलेंडरवर तिच्या नावासकट गेलं होतं. मी तिथे सदस्य होते आणि ते आधी तपासलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. आता मी निमंत्रणं फोनवरून देते, दोघांच्या वेळांत तासाभराचं अंतर ठेवते आणि शक्य असेल तर सुनावणी कार्यालयाबाहेर घेते.

जबाब ज्या भाषेत दिला त्याच भाषेत उतरवा. चालक हिंदीत बोलला, ती मराठीत बोलली आणि रोजनामा इंग्रजीत, असं झालं की "हात धरून ओढलं" याचं "हाताला स्पर्श केला" होतं. मग उत्तरातही त्याच सौम्य वाक्याचा आधार घेतला जातो. वाचून दाखवा, दुरुस्त करू द्या, मग सही घ्या.

समजा, मॅनेजरनं उत्तरात लिहिलं की तो पुढच्या सीटवर होता. चालक म्हणाला, दोघं मागे बसले होते. हा जबाब मॅनेजरला दाखवावाच लागेल, आणि चालकाला व तिला प्रश्न विचारायची संधीही द्यावी लागेल. समोरासमोर नाही, तो प्रश्न लिहून देईल, समिती विचारेल, उत्तर त्याला लेखी मिळेल. कपड्यांवरचा किंवा खाजगी आयुष्यावरचा प्रश्न नाकारा, पण कारण रोजनाम्यात लिहा. "आधी का नाही सांगितलंत?" हा प्रश्न समितीनं स्वतःहूनही आरोपाच्या सुरात विचारू नये.

बहुतेक समित्या विसरतात ती पायरी शेवटी येते. दोघंही कर्मचारी असतील, तर निष्कर्षांची प्रत दोघांनाही देऊन त्यावर म्हणणं मांडायची संधी द्यायची असते. त्यासाठी निष्कर्षांचा मसुदा 15 सप्टेंबरला तयार हवा, मग आठवडाभर उत्तराला आणि उरलेले दिवस ते उत्तर खरंच वाचायला. संशयापलीकडचा पुरावा इथे लागत नाही. कोणती बाजू जास्त संभवनीय, हे कारणांसह लिहायचं. आणि आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, हे वाक्य त्या वेळी अहवालात स्पष्ट घाला.

चौकशी संपल्यापासून दहा दिवसांत अहवाल व्यवस्थापनाकडे आणि दोन्ही पक्षांकडे बंद पाकिटात जातो. त्याआधी सदस्यांच्या वह्यांतली पानं, फोनवरचे फोटो आणि ईमेलमधल्या प्रती गोळा करून एकाच कुलूपबंद फाइलीत ठेवा, आणि किल्ली कुणाकडे आहे ते रोजनाम्याच्या शेवटच्या पानावर लिहा.