मडक्यातून दोन चेंडू काढताना: वृक्षाकृती कशी काढावी आणि कशी वाचावी

एका मडक्यात ५ लाल आणि ३ पांढरे चेंडू आहेत. आत न बघता हात घालून एक चेंडू काढायचा, तो परत न टाकता बाजूला ठेवायचा आणि मग दुसरा काढायचा. दोन्ही लाल निघण्याची संभाव्यता किती? आणि एक लाल, एक पांढरा निघण्याची?

माझ्याकडे शिकायला येणारी मुलं असं उदाहरण दिसलं की आधी सूत्र आठवायला लागतात. मी त्यांना वही आडवी करून घ्यायला सांगते. वृक्षाकृती डावीकडून उजवीकडे वाढते आणि तिला जागा लागते. कोपऱ्यात दाटीवाटीने काढली की फांद्यांवरचे अपूर्णांक एकमेकांत मिसळतात आणि निम्म्या चुका तिथेच होतात.

पहिला चेंडू

डाव्या कडेला मधोमध एक ठिपका द्या. त्यातून दोन रेघा काढा, एक वर, एक खाली. वरच्या रेघेच्या टोकाला ‘लाल’ लिहा, खालच्या टोकाला ‘पांढरा’. चेंडू आठ असले तरी फांद्या दोनच, कारण आपला प्रश्न रंगाचा आहे. आठांतले पाच लाल, म्हणून वरच्या रेघेवर ५/८ लिहा आणि खालच्या रेघेवर ३/८.

दुसरा चेंडू

इथे थांबून मडक्यात काय उरलंय ते बघायचं. वरच्या टोकाशी उभे असाल, तर एक लाल बाहेर आला आहे. आत ४ लाल आणि ३ पांढरे, एकूण ७. खालच्या टोकाशी उभे असाल, तर आत ५ लाल आणि २ पांढरे, एकूण तेवढेच ७. मी प्रत्येक टोकाजवळ हे उरलेले आकडे पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहून ठेवते आणि त्यावरूनच पुढच्या फांद्या काढते. अशी आकृती तयार होते:

```
सुरुवात
├─ ५/८ ─ लाल
│        ├─ ४/७ ─ लाल
│        └─ ३/७ ─ पांढरा
└─ ३/८ ─ पांढरा
         ├─ ५/७ ─ लाल
         └─ २/७ ─ पांढरा
```

फांदीवरून चालत जाताना गुणाकार का?

‘फांदीवर गुणाकार’ हे सगळ्यांचं पाठ असतं. तो का करायचा, हे मात्र फार थोड्यांना सांगता येतं. समजा, हाच खेळ आपण ५६ वेळा खेळलो. (५६ कारण ८ × ७, आकडे पूर्णांकात येतात.) त्यातल्या साधारण ५/८ वेळा, म्हणजे ३५ वेळा, पहिला चेंडू लाल येईल. आता फक्त या ३५ खेळांकडेच बघा. त्यांच्यापैकी ४/७ खेळांत दुसराही लाल येईल, म्हणजे २० वेळा. उरलेल्या १५ खेळांत दुसरा पांढरा. आधी ५६ मधून ३५ निवडले, मग ३५ मधून २०. भागाचा भाग काढला, म्हणून गुणाकार. प्रत्यक्ष खेळलात तर नेमके २० येतीलच असं नाही, पण खेळ वाढवत नेला की प्रमाण २०/५६ च्या जवळ जात राहतं.

खालच्या बाजूला पहिला पांढरा आलेले २१ खेळ उरतात. त्यांतल्या १५ मध्ये दुसरा लाल, ६ मध्ये दुसरा पांढरा. चारही टोकांची उत्तरं अशी:

लाल–लाल: ५/८ × ४/७ = २०/५६
लाल–पांढरा: ५/८ × ३/७ = १५/५६
पांढरा–लाल: ३/८ × ५/७ = १५/५६
पांढरा–पांढरा: ३/८ × २/७ = ६/५६

अपूर्णांकांना एवढ्यात संक्षिप्त रूप देऊ नका. २०/५६ चे ५/१४ केले की पुढची बेरीज आणि पडताळा दोन्ही अवघड होतात. छेद सारखाच ठेवला तर २०, १५, १५ आणि ६ मिळून ५६ होतात, हे एका नजरेत दिसतं.

टोकांची बेरीज

एक लाल, एक पांढरा कसाही आला तरी चालेल, असा प्रश्न असेल तर दोन टोकं कामाची आहेत: लाल–पांढरा आणि पांढरा–लाल. त्यांची बेरीज ३०/५६, म्हणजे १५/२८. घाईत असणारे एकच टोक घेऊन १५/५६ लिहितात. प्रश्नात क्रम दिला आहे का, हे वाचूनच किती टोकं घ्यायची ते ठरवा. दोन्ही चेंडू एकदम मुठीत आले असं उदाहरणात असलं, तरी हीच आकृती चालते. मुठीतल्या एका चेंडूला मनातल्या मनात पहिला म्हणायचं, एवढंच.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे टोकं चार आहेत म्हणून प्रत्येकाला १/४ देऊन टाकणं. टोकं मोजून संभाव्यता मिळत नाही. सगळ्या टोकांचं वजन सारखं नसतं. ज्यां दालांबेर या मोठ्या फ्रेंच गणितज्ञाचाही इथेच पाय घसरला होता. दोन वेळा नाणं उडवून निदान एकदा छाप येण्याची संभाव्यता त्यांनी १७५४ साली विश्वकोशातल्या लेखात २/३ धरली. पहिल्यांदाच छाप आली की खेळ संपला, म्हणून शक्यता तीनच: छाप, काटा–छाप आणि काटा–काटा. आकृती काढली तर दिसतं की पहिल्या फांदीचं वजन १/२ आहे आणि बाकीच्या दोघींचं १/४. खरं उत्तर ३/४.

पडताळा, आणि तो कुठे फसतो

एका ठिपक्यातून निघालेल्या फांद्यांची बेरीज १ यायला हवी. कोणी दुसऱ्या चेंडूसाठी ४/८ आणि ३/८ लिहिलं, तर बेरीज ७/८ येते आणि चूक पकडली जाते. वरचे आकडे कमी केले, पण छेद तसाच राहिला.

पण एका मुलीच्या वहीत दुसऱ्या पायरीलाही ५/८ आणि ३/८ च होतं. प्रत्येक बेरीज १ येत होती, चार टोकांची बेरीज ६४/६४. तिने दोनदा तपासलं आणि उत्तर बरोबरच आहे असं तिला वाटलं. तिच्या हातून झालं होतं ते दुसऱ्याच खेळाचं उत्तर: चेंडू बघून परत मडक्यात टाकला, तर आकडे असेच येतात. तेव्हा लाल–लाल २५/६४ होतं, म्हणजे सुमारे ०.३९, आपल्या खेळात ते सुमारे ०.३६ आहे. ही चूक बेरजेत सापडत नाही. ती फक्त प्रश्न परत वाचून आणि पेन्सिलीने लिहिलेले उरलेले चेंडू बघूनच सापडते.

आकृतीला एक प्रश्न आणखी

दुसरा चेंडू लाल असण्याची संभाव्यता किती? पहिला कोणता होता ते माहीत नाही. लाल–लाल आणि पांढरा–लाल ही टोकं घ्या: २०/५६ + १५/५६ = ३५/५६ = ५/८. पहिल्या चेंडूची होती तेवढीच! मुलांना हे पटत नाही. मडक्यातून एक चेंडू तर कमी झाला, असं ती म्हणतात. कमी झाला खरा, पण तो कोणता हे आपल्याला कळलेलंच नाही. आठही चेंडूंना ‘दुसरा’ होण्याची सारखीच संधी होती आणि त्यांतले पाच लाल आहेत. पहिला चेंडू उघड्यावर ठेवून त्याचा रंग दाखवला, की मग मात्र ५/८ चं ४/७ किंवा ५/७ होतं.