मानधन थकलं? आयोजकाला पत्र लिहिताना या चुका टाळा

गणपतीपासून कोजागिरीपर्यंत नागपुरातल्या गायक-वादकांना उसंत नसते. दिवाळीनंतर त्यांतले कितीतरी जण बाकीच्या पैशांसाठी आयोजकाला फोन करत बसतात. फोनला दाद मिळाली नाही की पत्र लिहितात, आणि ते पत्रही बहुतेकदा वाया जातं. त्यात गाऱ्हाणं असतं, करार नसतो.

एक नमुना घेऊ. सक्करदऱ्यातल्या एका मंडळाचा 6 ऑक्टोबरचा कोजागिरीचा कार्यक्रम. गायिकेचं मानधन 60,000 रुपये ठरलं. करारावर सही करताना 20,000 मिळाले, कार्यक्रमानंतर यूपीआयने 10,000 आले, 30,000 अडकले. ती लिहिते, "आम्ही एवढी मेहनत घेतली, वादकांचे पैसे मला खिशातून द्यावे लागले, कृपया लवकर बघा." यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण आयोजक काय द्यायला बांधील आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे त्यात कुठेच नाही. "बघतो" म्हटलं की त्याचं उत्तर झालं.

त्याऐवजी कराराचं कलम जसंच्या तसं, अवतरणचिन्हांत उतरवा:

"दि. 12 सप्टेंबरच्या आपल्या करारातील कलम 4 असे आहे: 'उर्वरित मानधन कार्यक्रमानंतर बिल मिळाल्यापासून 7 दिवसांत देण्यात येईल.' बिल आपणांस 10 ऑक्टोबर रोजी ई-मेलने पाठवले. मुदत 17 ऑक्टोबरला संपली. 60,000 पैकी 30,000 रुपये मिळाले असून 30,000 रुपये येणे आहे. ही रक्कम हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत खालील बँक खात्यात जमा करावी."

कलम आपल्या शब्दांत सांगू नका. "कार्यक्रम झाल्यावर लगेच देण्याचं ठरलं होतं" असं लिहिलंत, तर समोरचा "लगेच" या शब्दावरच वाद घालेल.

या कलमातले "बिल मिळाल्यापासून" हे शब्द पुन्हा वाचा. सगळ्यात जास्त पत्रं इथेच अडतात. बिल दिलंच नसेल, तर 7 दिवस मोजायला सुरुवातच झालेली नाही आणि आयोजक सरळ सांगू शकतो की पैसे अजून देय नाहीत. म्हणून पत्राआधी करार आपल्याविरुद्ध वाचावा. आपण काय करायचं होतं आणि ते झालं का? राहिलं असेल तर आधी बिल पाठवा, 7 दिवस जाऊ द्या, मग पत्र.

आता आयोजकाची सबब. तो म्हणतो, तीन तास ठरले होते, तुम्ही सव्वादोनच गायलात. इथे गायिकेने रागाने उत्तर देऊ नये, पुढचं कलम दाखवावं: "कलम 6: ध्वनिव्यवस्था आयोजकांकडे राहील, त्या कारणाने कार्यक्रम उशिरा सुरू झाल्यास किंवा कमी झाल्यास मानधनात कपात होणार नाही." सोबत त्या रात्रीचा "माईक अजून आले नाहीत" हा मेसेज तारीख-वेळेसह जोडावा. असं कलम नसेल तर ते असल्याचा आव आणू नये. मग उशीर कुणामुळे झाला, एवढाच पुरावा द्यावा. अख्खा करार व्हॉट्सअ‍ॅपवरच झाला असेल तर मेसेजचे शब्द तसेच उतरवा, आणि स्क्रीनशॉट घेतला म्हणून मूळ चॅट पुसू नका.

पत्र कुणाच्या नावे, हेही करारावरूनच ठरतं. सही इव्हेंट कंपनीची असेल आणि पत्र मंडळाच्या अध्यक्षांना गेलं, तर "आम्ही कंपनीला पैसे दिले" म्हणून अध्यक्ष मोकळे होतात. पत्र ई-मेलने पाठवाच, शिवाय करारातल्या पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टनेही.

करारात व्याज नसेल तरी पत्रात व्याजाची मागणी लिहून ठेवावी. व्याज कायदा, 1978 नुसार अशी लेखी मागणी केली असेल, तर त्या मागणीच्या तारखेपासून न्यायालय व्याज देऊ शकतं. दर किती, हे न्यायालयाच्या हाती. रक्कम मागण्याआधी फॉर्म 26एएस पाहा. आयोजकाने टीडीएस कापून तुमच्या पॅनवर भरला असेल, तर तेवढी रक्कम बाकीतून वजा करा, नाहीतर तुमचाच आकडा चुकीचा ठरेल.

फोनवरच्या आश्वासनांवर वर्षं घालवू नयेत. वसुलीच्या दाव्याची मुदत साधारण 3 वर्षांची असते. मुदत संपण्याआधी आयोजकाने सहीनिशी बाकी कबूल केली तर ती नव्याने मोजली जाते, तोंडी "देतो"ने नाही. म्हणून पत्रात लेखी उत्तर मागावं.

कधी उत्तर येतं, "20,000 घ्या, विषय संपवा." पैशांची निकड असली की "ठीक आहे" निघून जातं. पण कमी रक्कम पूर्ण फेड म्हणून स्वीकारली, तर करार कायद्याच्या कलम 63 प्रमाणे उरलेल्या 10,000 वरचा हक्क जाऊ शकतो. तसं नको असेल, तर पैसे घेण्याआधीच लेखी कळवा: "20,000 रुपये अंशतः रक्कम म्हणून स्वीकारेन, उर्वरित 10,000 रुपये येणे राहतील."