रॉक गाणं संपवायचं कसं: पट्टी चढवावी, विरू द्यावं की मध्येच तोडावं?

समजा, तुमचा कोरस जी, डी, ई मायनर, सी या चार कॉर्डवर फिरतो. प्रत्येक कॉर्ड एक बार, टेम्पो १२०. म्हणजे एक फेरी आठ सेकंदांची. तीन कोरस झाले, आता पुढे काय? हेच गाणं हाताशी धरून बघू.

आधी फेरी कुठे थांबते ते ऐका. आपली फेरी सीवर संपते आणि सी पुन्हा जीकडे ओढतो. ती स्वतःहून समेवर येऊन बसत नाही, गोल फिरत राहते. अशा फेरीला फेड-आउट सहज शोभतो. तुमचा कोरस डीवरून जीवर येऊन विसावत असेल, तर त्याचा शेवट तिथेच झालेला असतो. तो पुन्हा वाजवून विरवला, तर निरोप घेऊन झाल्यावर दारात घुटमळणाऱ्या पाहुण्यासारखा वाटतो.

मग शब्द बघा. शेवटच्या ओळीत गोष्ट मिटते का? मिटत असेल तर जीवर ठाम थांबा. वाट पाहणं, प्रवास, न सुटणारी ओढ असं काही असेल तर विरू द्या. बोलणाऱ्याचा शब्दच कुणी तोडला असेल तर गाणंही तोडा.

पट्टी चढवणं हा शेवट नाही, शेवटाआधीचा धक्का आहे. बॉन जोव्हीच्या १९८६ च्या ‘लिव्हिन ऑन अ प्रेअर’मध्ये शेवटचा कोरस तीन अर्धस्वरांनी वर जातो, तोही एक मात्रा गाळून, त्यामुळे ऐकणाऱ्याचा तोलच जातो. पण एवढ्या उंचीवर गेलेलं गाणं रेकॉर्डवर शेवटी विरतंच. तेव्हा पट्टी चढवलीत तरी कसं संपवायचं हा प्रश्न उरतोच.

आपल्या गाण्यात जीवरून एवर जाऊ. शेवटच्या फेरीतल्या सीला दोनच मात्रा द्या, उरलेल्या दोन मात्रांवर ई सेव्हन वाजवा. त्यातला जी-शार्प कानाला एकडे ढकलतो. मग कोरस ए, ई, एफ-शार्प मायनर, डी असा चालेल. अडचण गळ्याची येते. गायक आधीच आपल्या सर्वात वरच्या सुरावर असेल, तर चढवलेला कोरस किंचाळी होतो. उपाय सोपा: सगळं गाणंच एफमध्ये सुरू करा, म्हणजे शेवटी जी येईल. आणि कोरस आधीच फिका असेल तर चढवू नका. फिकी गोष्ट उंचावर नेली की जास्त दिसते.

फेड-आउट करायचा तर त्यात काहीतरी घडू द्या. बीटल्सच्या ‘हे ज्यूड’चं (१९६८) शेवटचं ‘ना ना ना’ जवळपास चार मिनिटं चालतं, आधीच्या गाण्यापेक्षाही जास्त. समूह एकच चाल गातो आणि मॅकार्टनी त्यावर ओरडत, खेळत राहतो, म्हणून ते सहन होतं. आपल्या गाण्यात दोन-तीन फेऱ्या, म्हणजे १६ ते २४ सेकंद पुरेत. आवाज फेरीच्या पहिल्या मात्रेपासून उतरवा, सुरुवातीला हळू आणि शेवटी लवकर. नवी गिटार लकेर विरताना सुरू करा, म्हणजे बँड अजून वाजवतोय असं वाटेल.

इथे एक चूक फार होते. मास्टरवरच्या कंप्रेसरच्या आधी फेड केला, तर आवाज उतरताना कंप्रेसर दाब सोडतो आणि ड्रम अचानक वेगळे ऐकू येतात. फेड त्याच्या नंतर, अगदी शेवटी करा.

तोडायचं तर कानाला आधी सवय लावा. बीटल्सचंच ‘आय वॉन्ट यू (शीज सो हेवी)’ (१९६९) शेवटी तीनेक मिनिटं एकच रिफ घासत राहतं, वर पांढरा गोंगाट चढत जातो, आणि लेननच्या सांगण्यावरून टेप कापलेली. ती काप इतकी लागते कारण आधी इतका वेळ काहीच बदललेलं नसतं. तेवढी लांबी तुम्हाला परवडणार नसेल, तर दुसऱ्या कोरसनंतर एक बार पूर्ण शांतता ठेवा. शेवटी सीच्या तिसऱ्या मात्रेवर पुन्हा तशीच शांतता आली, की तो निर्णय वाटतो, फाइल बिघडलेली वाटत नाही. ड्रमरने सिंबल हाताने धरावी, गिटारवाल्याने तळहात तारांवर दाबावा आणि मिक्समध्ये रिव्हर्ब-डिलेचं शेपूटही त्याच क्षणी कापावं. ते राहिलं तर तोडलेलं गाणं विरलेलं ऐकू येतं. खात्री करायला गाणं न ऐकलेल्या माणसाला ऐकवा. तो फोनकडे बघायला लागला, तर जागा चुकली.

रेकॉर्डवर विरणारं गाणं मंचावर विरवता येत नाही, म्हणून त्याचा दुसरा शेवट तालमीतच ठरवा. आपल्या गाण्यात तो सोपा आहे: ड्रमरने खूण केली की सीवरून जीवर उतरायचं, आणि तो जी वाजत ठेवायचा.