चित्राची नक्कल करणाऱ्या मुलाची गोष्ट कशी लिहावी

आधी स्वतः पेन्सिल घेऊन बसा. १८६३ साली सुरू झालेला नागपूरचा अजबबंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, या गोष्टीसाठी उत्तम जागा आहे. तिथे परवानगी घेऊन एखाद्या चित्रातली एकच वस्तू अर्धा तास उतरवून पाहा. हात कुठे चुकतो ते कळलं की गोष्ट तिथूनच सुरू करता येते.

समजा, नागपूरच्या महाल भागातला बारा वर्षांचा बंटी पाणवठ्याच्या चित्रासमोर बसलाय. पाणी भरायचा पितळी गुंड काढताना तो तोंडाला गोल गरगरीत वर्तुळ काढतो, कारण गुंडाचं तोंड गोल असतं हे त्याला ठाऊक आहे. गुंड मात्र पुढे सांडल्यासारखा दिसतो. तो खोडतो आणि पुन्हा तेच वर्तुळ काढतो. कागदाची साल निघेपर्यंत हे चालू द्या. चूक अशीच हवी, डोळ्यांनी पाहिलेलं आणि मनात आधीच असलेलं यांच्या भांडणातून झालेली. ‘त्याला चित्र जमेना’ एवढ्यावर भागवलंत तर वाचणाऱ्या मुलाच्या हाती काहीच लागत नाही.

मग पहारेकरी काका येतात. इथे बहुतेक लेखक घसरतात आणि काकांना गुरुजी करून टाकतात. त्यांना एकच वाक्य द्या: “बाबू, पाहून राहिला का नुसता काढून राहिला?” आणि त्यांना पुढच्या दालनात पाठवा.

उत्तर बंटीच्या हातांनी शोधू द्या. तो हात ताठ करून पेन्सिल समोर धरतो, एक डोळा मिटतो आणि अंगठा सरकवत तोंडाची उंची मोजतो. तेवढीच उंची रुंदीत चारदा बसते! म्हणजे चित्रातलं तोंड वर्तुळ नाहीच, चपटं लंबगोल आहे. हा प्रसंग सावकाश लिहा, गोष्टीचा जीव इथेच आहे. मोजमाप जमलं की गुंड कागदावर नीट उभा राहतो.

पण इथे थांबलात तर बंटी चित्रकाराच्याच डोळ्यांनी पाहत राहील. त्याला घरी आणा. ओट्यावर गुंड आहे. उभ्याने पाहिलं तर तोंड बरंच गोल दिसतं, वाकलं की चपटं होत जातं, आणि काठ डोळ्यांच्या रेषेत आला की उरते फक्त एक आडवी रेघ. अजबबंगल्यातल्या चित्रात ही रेघ नव्हती.

लिहून झालं की गोष्ट एखाद्या मुलाला वाचून दाखवा. तो मध्येच उठून घरातला तांब्या पाहायला गेला नाही, तर मोजण्याचा प्रसंग पुन्हा लिहा. शेवटी स्पर्धेतलं बक्षीस नको, आईची शाबासकीही नको. बंटी फरशीवर बसतो, वहीचं कोरं पान उघडतो आणि आधी ती रेघ काढतो.